इंजेक्शन नव्हे, निर्णय सोपवायचा

माझ्या नातवाला टाइप वन मधुमेह आहे. इन्सुलिन टोचून घेणे त्याने दहाव्या वर्षीच आत्मसात केले. पण पेनवर किती युनिट घ्यायचे, हे आमच्या धायरीच्या घरी त्याची आईच ठरवीत असे. बारावीनंतर तो वसतिगृहात राहणार हे नक्की झाले, तेव्हा ध्यानात आले की सोपवायचे आहे ते इंजेक्शन नव्हे, निर्णय.

बँकेत शाखेचा कार्यभार देताना जुना अधिकारी काही दिवस शेजारी बसतो. सूनबाईने तेच केले. पहिले दोन महिने तो डोस ठरवी, कारण सांगे आणि तिच्या होकारानंतर टोची. पुढे आधी टोचून मग सांगू लागला. अखेरीस दोघे केवळ रविवारी नोंदी पाहत. रोज विचारणे थांबवणे तिला फार जड गेले. परंतु साखर वाढली की रागावणाऱ्या घरात मुले खोटे आकडे लिहितात, असे डॉक्टरांनी बजावले होते.

खरी परीक्षा आमच्या सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाने घेतली. सहा वाजता तीन पोळ्या व आमटी-भाजी, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके. त्याला १० ग्रॅममागे एक युनिट लागते, म्हणून सहा युनिट. आठ वाजता साखर २२० भरली. त्याचे लक्ष्य १२०. एका युनिटने साखर ४० उतरते. म्हणजे हिशेबाने आणखी अडीच युनिट. तो पेन उचलणार, तोच थांबला. जेवणाचे इन्सुलिन साधारण चार तास काम करते. सहापैकी निम्मे अद्याप शिल्लक होते. त्यावर नवे घातले असते, तर मध्यरात्री साखर कोसळली असती. त्याने दहा वाजता पुन्हा तपासली, ती १४० होती. (हे प्रमाण त्याचे, प्रत्येकाचे डॉक्टर ठरवतात.) त्या रात्री सूनबाई निर्धास्त झाली. मी नाही.

रात्री साखर ७०च्या खाली गेल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. हे औषध आहे, तेथे चौविहार आड येणार नाही, असे आम्ही घरात आधीच ठरवले. उपवास केला तरी रात्रीचे दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही, आणि उपवासही डॉक्टरांना विचारूनच.

खोलीतल्या मित्राला त्याने स्वतःच सारे सांगितले: घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले तर साखर द्यायची, शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून १०८ला फोन करायचा. न उघडलेली इन्सुलिनची पेन वसतिगृह अधीक्षकांच्या फ्रीजमध्ये असतात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. त्या फ्रीजवर चिठ्ठीही त्यानेच चिकटवली आहे.