हिरवी उलटी

नवजात बाळ दूध काढतं, तेव्हा ते पांढरं असतं. दही झालेलं, आंबूस. पहिल्या दिवसांत चिकाचं पिवळसरही असतं. या कशानेही मी घाईने उठत नाही. पण फोनवरून कुणी ‘हिरवं’ म्हणालं, की मी आधी बाळ किती दिवसांचं ते विचारतो आणि लगेच दूध बंद करून पाठवायला सांगतो. पित्त आतड्यात उतरतं ते जठराच्या पुढे. ते हिरवं होऊन तोंडातून येतंय याचा अर्थ वाट त्याच्याही पुढे अडली असण्याची शक्यता आहे. प्रत्येक हिरव्या उलटीमागे आतड्याचा पीळ नसतो. जंतुसंसर्गातही ती होते. पण तसं सिद्ध होईपर्यंत पीळच आहे असं धरून चालावं लागतं.

त्या पाच दिवसांच्या मुलीला तालुक्याच्या गावाहून आणलं. वजन पावणेतीन किलो. सकाळपासून तीन उलट्या झाल्या होत्या आणि वाटेत कुणीतरी गॅसचे थेंब दिले होते. आजीने मात्र शहाणपण केलं होतं, दुपटं धुतलं नव्हतं.

“हे बघा डॉक्टरसाहेब, पालकाच्या पाण्यासारखं आहे.”

मी ते खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहिलं. ट्यूबलाइटखाली किंवा मोबाइलच्या फोटोत पिवळं आणि हिरवं यांची गल्लत होते. पोट सपाट होतं, हाताला मऊ लागत होतं, शी झालेली होती. वडील म्हणाले, “पोट तर फुगलेलं नाही, मग उद्या सकाळी बघितलं तर?”

या आजारात फसवतं ते हेच मऊ पोट. अडथळा अगदी वर असल्यामुळे खालच्या आतड्यात हवा साठत नाही. पोट फुगलं, शीतून रक्त आलं, बाळ पांढरंफटक पडलं, तर त्याचा अर्थ आतडं मरायला लागलंय. साधा एक्स-रेही पुष्कळदा जवळजवळ नॉर्मल दिसतो.

हे मुळात घडतं ते गर्भात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडी नाळेत उतरतात, दहाव्या आठवड्याच्या आसपास पोटात परततात आणि या प्रवासात घड्याळाच्या उलट दिशेने २७० अंश फिरतात. त्यामुळे लहान आतड्याची सुरुवात डावीकडे वर आणि शेवट उजवीकडे खाली येतो. आतडं ज्या पडद्यावर टांगलेलं असतं त्या मेसेंटरीला असा रुंद, तिरका पाया मिळतो. फिरणं अर्धवट राहिलं, तर दोन्ही टोकं शेजारीशेजारी येतात आणि अख्खं लहान आतडं एका अरुंद देठावर लोंबतं. त्याच देठातून रक्तवाहिनी जाते. देठाला पीळ बसला की आतड्याचा रक्तपुरवठाच तुटतो.

सोनोग्राफीत डॉप्लर लावल्यावर मुख्य धमनीभोवती शीर भोवऱ्यासारखी गुंडाळलेली दिसली. बाळ अजून स्थिर होतं, सोनोग्राफीचं मशिन शेजारच्याच खोलीत होतं, म्हणून ती केली. बाळ खचलेलं असतं तर मी तपासणीत वेळ घालवला नसता. नाकातून नळी घालून जठर रिकामं केलं, सलाइन दिलं, अँटिबायोटिक आणि व्हिटॅमिन के दिलं, रक्ताची सोय केली. हे सगळं थिएटर लावून होईपर्यंत उरकायचं असतं.

बेंबीच्या वर उजवीकडे आडवा छेद घेतला आणि सगळी आतडी बाहेर काढली. पिळाचे दोन पूर्ण वेढे होते. रंग जांभळा, ठिकठिकाणी काळपट. पीळ बहुतेक वेळा घड्याळाच्या दिशेने बसतो, म्हणून सोडवायचा तो उलट दिशेने. मग कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडात आतडं गुंडाळून थांबायचं. हे थांबणं मला अजून जड जातं. हात रिकामे असले की काहीतरी कापावंसं वाटतं. दहा मिनिटांनी कापड उलगडलं, तर बहुतेक भाग गुलाबी झाला होता. शेवटाकडचा काही भाग शंकास्पद होता. तो तसाच ठेवला, कारण नवजात बाळात आतड्याचा प्रत्येक सेंटिमीटर पुढच्या वाढीसाठी लागतो.

पुढचं काम विल्यम लॅड या बोस्टनच्या सर्जनने १९३६ मध्ये मांडलेलं. सीकमपासून यकृताच्या बाजूला जाणारे पट्टे ड्युओडिनमवर दाब देतात, ते तोडायचे. मेसेंटरीचा पाया पसरून रुंद करायचा. मग लहान आतडं उजवीकडे, मोठं आतडं डावीकडे ठेवायचं. म्हणजे आतडी जागच्या जागी बसवायची नसतात, पुन्हा पिळणार नाहीत अशी मांडायची असतात. अपेंडिक्स काढून टाकतात, कारण ते आता डावीकडे जाणार आणि पुढे कधी सुजलं तर कुणाला उमगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा उघडलं. शंकेचा भाग आता स्पष्ट काळा होता. वीतभर आतडं काढून दोन्ही टोकं जोडली. पीळ आणखी काही तास तसाच राहिला असता, तर कदाचित जोडायला फारसं काही उरलं नसतं.

घरी जाताना वडिलांच्या हाती दिलेल्या कागदावर आतडी कशी ठेवली आहेत ते लिहिलं, अपेंडिक्स काढल्याचंही लिहिलं. पीळ क्वचित पुन्हा बसतो, आतली चिकटणंही वाट अडवू शकतात. त्यामुळे खाली आणखी एक ओळ घातली: पुन्हा हिरवी उलटी झाली तर थेंब देऊ नका, त्याच दिवशी आणा.