तीनशे ऐंशी रुपये

भिवंडीच्या वऱ्हाळा तलावाकाठी आम्ही दोघे मित्र कित्येक वर्षे सकाळी फिरतो. मागे एकदा तो पाकीट विसरला, म्हणून त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे ३८० रुपये मी दिले. "उद्या देतो," तो म्हणाला. तो उद्या उजाडलाच नाही.

वाचकहो, रक्कम क्षुल्लक होती. पण न बोललेली गोष्ट मनात सलत राहते. दोन आठवड्यांनी मीच फिरायला जाणे टाळू लागलो, तेव्हा उमगले की मैत्रीत हिशेब माझ्या मौनानेच आणला होता.

मग एके सकाळी, आसपास कोणी नसताना, म्हटले, "अरे, त्या दिवशीच्या गोळ्यांचे तीनशे ऐंशी राहिलेत. उद्या येताना आण." प्रस्तावना नाही, थट्टा नाही, आणि लगेच त्याच्या नातीच्या परीक्षेची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी त्याने पैसे दिले.

आठवड्याने त्याने तेच ३८० रुपये पुन्हा पुढे केले. मी परत केले. चार दिवसांनी पुन्हा तेच!

एखादे विसरणे वयापरत्वे असते. पण दिलेले पैसे वारंवार देऊ पाहणे हे स्मृतिभ्रंशाचे आरंभीचे लक्षण असू शकते. त्याची संमती घेऊन मी त्याच्या सुनेशी बोललो. डॉक्टरांनी थायरॉईड व बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी सांगितली आहे, कारण त्यांतील बिघाडानेही विसर पडतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो.

संकोचापोटी मी पैसे मागितलेच नसते, तर हे कळले असते का?