पाण्याचा दिवस

आमच्या सिडकोत नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये दिवस जातात. त्यामुळे आठवडा आखताना माझ्या ऱ्हुमॅटॉइड संधिवाताइतकंच पाण्यालाही धरून चालावं लागतं. शनिवारी रात्री मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. रविवारी मळमळ आणि मरगळ असते, म्हणून रविवार मी मोकळा सोडते.

बाकीचे दिवस सकाळी हात ठरवतात. अर्ध्या तासात मूठ वळली तर चांगला दिवस. तासाभरानंतरही बोटं आखडलेलीच असतील, तर यादीतलं एकच काम ठेवायचं.

खरी परीक्षा चांगल्या दिवसाची. मंगळवारी हात मोकळे होते. औरंगपुऱ्यातून भाजी आणली आणि लगेच गोधड्याही धुवाव्यात असं वाटलं. धुतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाणी भरायचं होतं, आणि पिळण्यात मनगटं खर्ची पडली असती.

बुधवारी सांधे कुरकुरत होतेच. पण नळाला पाइप लावून पिंप भरलं, बादली उचललीच नाही. स्वयंपाकाचा हंडा मुलाने ठेवला. भाजी बसून, थांबत थांबत निवडली.

जादा कामाचा शीण मला एक-दोन दिवसांच्या विश्रांतीने उतरतो. सांधा गरम, सुजलेला राहिला आणि दिवसेंदिवस तसाच असला, तर ते आखणीने सुटणारं नाही. तेव्हा मी डॉक्टरांना फोन करते.

गोधड्या पुढच्या पाण्याला.