एकच आकडा, दोन हिशेब

आम्ही दोघंही रक्तदाबाची गोळी घेतो. परवा दोघांचाही दाब १३६/८४ निघाला. डॉक्टरांनी माझी गोळी तीच ठेवली, यांची वाढवली. बी.कॉम.च्या डोक्याला हे पटेना!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांनुसार माझ्यासारखीला १४०/९० च्या आत चालतं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर वरचा आकडा १३० च्या आत हवा. यांना मधुमेह आहे, लघवीतून प्रथिनंही जातात. म्हणजे साखरेने मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्या आधीच दुखावल्यात; दाबाने त्या आणखी झिजतात.

पण दाब फार उतरला तर उठताना चक्कर येते. म्हणून यांचा दाब पाच मिनिटं शांत बसवून मोजते, मग उभं करून पुन्हा. उभ्याने वरचा आकडा वीसने घसरला तर डॉक्टरांना कळवायचं. चौविहार उपवासाला गोळीचं काय, तेही पर्युषणाआधीच विचारून घेतलंय.