तीन रुपये कमी

दहाचं एक नाणं, पाचची तीन, दोनची चार आणि एकची चार. बारा नाणी, सदतीस रुपये. माझ्या एका बालकथेची ही सगळी सामग्री. तिसरीतली सुनी ही नाणी कंपासपेटीत घालून शाळेतल्या पुस्तकांच्या दुकानाशी येते आणि आयुष्यातलं पहिलं पुस्तक विकत घेते, एवढीच गोष्ट. छापून चार पानं झाली. ती चार पानं लिहायला मला आठ महिने लागले, आणि त्यातले निदान सहा महिने तीन रुपयांनी खाल्ले.

माझा एक मित्र पुस्तकं विकतो. पंधरा ऑक्टोबरच्या, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाच्या आसपास त्याला जिल्हा परिषदेच्या शाळांतून बोलावणी येतात. पालघरहून आम्ही दोघं पुस्तकांचे खोके घेऊन निघतो, उमरोळी मागे टाकून बोईसरकडच्या एखाद्या शाळेत पोचतो. व्हरांड्यात चार बाकं जोडायची, वर चादर अंथरायची, पुस्तकं आडवी मांडायची. उभी लावली तर नुसते कणे दिसतात, आणि पोरं कण्याला हात लावत नाहीत. मग एकेक वर्ग सोडतात. प्रत्येक वर्गाला पंधरा मिनिटं.

माझं काम सुटे पैसे सांभाळायचं. त्या जागेवरून पोरांचे चेहरे कमी आणि हात जास्त दिसतात. गोष्टीचा पहिला खर्डा मी घरी बसून लिहिला होता. त्यात सुनीला लांबून एक सुंदर मुखपृष्ठ दिसतं आणि ती हरखून जाते. प्रत्यक्षात ज्याच्या खिशात मोजके पैसे असतात, तो पोरगा पुस्तक उचलतो आणि आधी उलटं करतो. किंमत मागच्या पानावर असते. ती वाचून झाली की मग पुढचं चित्र. नोट घेऊन आलेली पोरं आधी चित्र बघतात. हा फरक दिसला आणि माझं पहिलं पान फुकट गेलं. नव्या खर्ड्यात सुनी एकामागून एक सहा पुस्तकं उलटी करते. ती गरीब आहे, हे मग कुठेही लिहावं लागलं नाही.

दुसरी अडचण पैसे कुठून आले याची. मी ‘खाऊचे साठवलेले पैसे’ असं लिहून मोकळा झालो होतो. एका शाळेत गोष्ट वाचून दाखवली तेव्हा पहिलाच प्रश्न आला, “तिला पैसे कोण द्यायचं?” रोजच्या खाऊला पैसे मिळतात, हे त्या वर्गातल्या निम्म्या पोरांना खरं वाटेना. त्यांच्या घरी पैसा येतो तो हंगामाने येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं, मे महिन्यात करवंदं, आणि दसऱ्याला तोरणं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बोईसर स्टेशनाबाहेर झेंडू, आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या घेऊन बसलेल्या बाया मी दरवर्षी बघतो. शेजारी ओवायला बसलेल्या पोरीही बघतो. गोष्टीत मात्र त्या आल्या नव्हत्या. आता सुनी आईबरोबर तिथे बसते. चिल्लर उरते, त्यातली थोडी आई तिच्या हातावर ठेवते. दहाचं नाणं आत्या देते. त्याचं कारण साधं आहे, वडापाववाल्याने ते तिच्याकडून घेतलं नाही.

या नाण्याने मला फार मदत केली. दहाचं नाणं न घेणारे दुकानदार सगळ्यांना भेटलेत. त्याच्या वेगवेगळ्या छापांमुळे ‘हे खोटं’ अशी अफवा पसरली, आणि २०१८च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की त्या नाण्याचे चौदाही छाप खरे आहेत. पण अफवा पत्रक वाचून थांबत नाही. सुनीच्या सदतीस रुपयांपैकी दहा चालतील की नाही, हे तिला माहीत नाही. म्हणजे तिच्या डोक्यात दोन आकडे आहेत, सदतीस आणि सत्तावीस. एकाच नाण्याने गोष्टीत धाकधूक आली. ती आणायला मला वादळ, पाऊस किंवा दुष्ट माणूस लागला नाही.

आता ते तीन रुपये. सुनीला हवं असलेलं पुस्तक पंचेचाळीसचं. मोठं, रंगीत, सोळा पानांचं, मधोमध पिना मारलेलं. शाळेत दहा टक्के सूट असते, म्हणजे साडेचाळीस. विक्रेता वरचे पन्नास पैसे सोडतो आणि चाळीस म्हणतो. सुनीकडे सदतीस. पहिल्या खर्ड्यात इथे बाई पुढे येतात, पर्समधून तीन रुपये काढून बाकावर ठेवतात, सुनीच्या डोळ्यांत पाणी येतं, गोष्ट संपते. मोठ्या माणसांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांना आवडलं. वर्गात वाचलं तेव्हा पोरं शांत बसून ऐकत राहिली, आणि मला वाटलं, जमलं.

जमलं नव्हतं, ते पुढच्या वर्गात समजलं. तिथे मी बाईंना गोष्टीतून काढून टाकलं होतं. शेवट सुचला नव्हता, म्हणून “चाळीस दे” इथपर्यंत वाचून थांबलो. पोरांची बोटं हलायला लागली. कोणी मांडीवर मोजत होतं, कोणी ओठांत. “तीन कमी!” मागून एकजण ओरडला. आधीच्या वर्गात एकाचंही बोट हललं नव्हतं. बाई आहेत म्हटल्यावर हिशोब कोण करतो? तेव्हापासून माझी एक कसोटी ठरून गेली. गोष्टीत पैसे असतील तर ऐकणाऱ्याने ते मोजले पाहिजेत. मोजत नसेल तर ती नाणी नुसती शोभेची.

हे मला प्रेमचंदांकडून आधीच शिकता आलं असतं. ‘ईदगाह’ १९३३ची. हामिदकडे तीन पैसे, महमूदकडे बारा, मोहसिनकडे पंधरा, हे प्रेमचंद सुरुवातीलाच सांगून टाकतात. मग जत्रेतलं प्रत्येक खेळणं, प्रत्येक मिठाई वाचणारा त्या तीन पैशांत बसवून बघतो. चिमट्याचा भाव सहा, मग पाच, आणि शेवटी तीन. हामिद घासाघीस करतो म्हणून चिमटा त्याचा होतो. कोणी दया करून दिला असता तर ती गोष्ट आज कोणाच्या लक्षात राहिली नसती.

पण ‘ईदगाह’ने मला अडचणीतही टाकलं. हामिद चिमटा घेतो तो आजीचे हात भाजतात म्हणून. ही गोष्ट आपल्या इतकी अंगात भिनली आहे की गरीब मुलाच्या हातात पैसे दिले की त्याने ते दुसऱ्यासाठीच खर्च करावेत, अशी आपली अपेक्षा असते. माझ्या ओळखीच्या तीन मोठ्या माणसांनी मला तीन शेवट सुचवले. सुनीने धाकट्या भावासाठी अंकलिपी घ्यावी. सुनीने आईला वाचायला शिकवता येईल असं काहीतरी घ्यावं. सुनीने पुस्तक न घेता पैसे घरी न्यावेत. तिन्ही शेवट भले होते आणि तिन्हींत सुनीला पुस्तक मिळत नव्हतं. नोट घेऊन आलेल्या मुलाला असा त्याग करायला कोणी सांगत नाही. तेव्हा मी ठरवलं की सुनी स्वतःसाठीच घेईल, आणि कोणीही मदत करणार नाही.

मग तीन रुपयांचं करायचं काय? दुसरं, स्वस्त पुस्तक घेतलं तर ती हार ठरते. आपल्या ऐपतीत राहावं, असा धडा गोष्टीला चिकटतो. इथे मी अडलो तो चार महिने.

वाट सापडली ती घरात जमिनीवर. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बिया, खडे, शिंपले हाताळत मूल शिकतं, हे या भागाला त्यांनी दाखवलं. मीही बारा नाणी आणि दोन पुस्तकं पुढ्यात मांडली. एक पंचेचाळीसचं. दुसरं पस्तीसचं, लहान आकाराचं, बत्तीस पानांचं, आत काळी-पांढरी चित्रं आणि बारीक अक्षरं. दोन्ही शेजारच्या तिसरीतल्या मुलीला दिली आणि घड्याळ लावलं. ती शब्दाखाली बोट धरून वाचते. रंगीत पुस्तकात पानावर दोन-तीनच ओळी. ते तिने सहा मिनिटांत संपवलं आणि मिटून ठेवलं. दुसरं उघडलं. उरलेल्या वेळात ती सातव्या पानापर्यंत पोचली. पंधरा मिनिटं झाल्यावर मी पुस्तक मागितलं, तर तिने दिलं नाही.

शेवट हाच. सुनी बाकाशी उभ्या उभ्या रंगीत पुस्तक वाचून काढते. विक्रेता काही म्हणत नाही, कारण त्याच्याभोवती चाळीस पोरं आहेत. मग दुसरं उघडते. सातव्या पानावर घंटा होते. सुनी त्या पानात बोट ठेवूनच पुस्तक पुढे करते. मोठं का नको, असं मैत्रीण विचारते, तर सुनी म्हणते, “ते वाचून झालं.”

तीन रुपये तिला कोणी दिले नाहीत आणि ती हरलीही नाही. चाळीस रुपयांतलं तिला जे हवं होतं ते तिने फुकट घेतलं, आणि पैसे घातले ते जे अजून संपलं नव्हतं त्यावर. असा विचार मला टेबलामागे बसून सुचला नसता. तो पोरांच्या हिशोबात आहे, फक्त घड्याळ लावावं लागलं.

पस्तीसचं पुस्तक सूट जाऊन साडेएकतीस, वरचे पन्नास पैसे सोडून एकतीस. सुनी आधी दहाचं नाणं ठेवते. विक्रेता ते न बघता गल्ल्यात टाकतो. मग पाचची तीन आणि दोनची तीन. पेटीत दोनचं एक आणि एकची चार नाणी राहतात.

गोष्ट छापून आल्यावर बोईसरजवळच्या एका वर्गात पुन्हा वाचली. बोटं हलली, बरोबर सहा आले. लगेच एका मुलाने विचारलं, “मग त्या सहा रुपयांचं तिने काय केलं?” संपादकांनीही हेच विचारलं होतं, आणि दानपेटीसारखं काहीतरी सुचवलंही होतं. मी ते लिहिलेलं नाही. ते तिचे पैसे आहेत.