रब्बिर्हम्हुमा

अब्बांच्या मय्यतीनंतर अम्माचं विसरणं वाढत गेलं. आधी सुनेचं नाव गेलं, मग गल्लीतली घरं, मग दिवस आणि वार. दुपारचं जेवण झालं की ती विचारायची, "अब्बा जेवले का?" मी सांगायचो, "अम्मा, अब्बा अल्लाहला प्यारे झाले." ती ऐकून गप्प व्हायची आणि थोड्या वेळानं तोच प्रश्न पुन्हा. नमाजच्या रकातीही तिच्या हिशोबात राहत नव्हत्या. पण पलंगावर बसून सलाम फेरला की तिचे हात आपोआप छातीपुढे यायचे आणि ओठांवर दुआ यायची, एकही हरफ न चुकता:

रब्बिर्हम्हुमा कमा रब्बयानी सग़ीरा.

"माझ्या रबा, त्या दोघांवर दया कर, जशी त्यांनी मी लहान असताना मला वाढवताना केली." ती हे तिच्या आईबापासाठी मागत होती. ते दोघं जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी तिच्या शेजारी बसून हीच दुआ अब्बांसाठी आणि तिच्यासाठी मागायचो. तिला घरातलं कोण कोण हे नीट आठवत नसे, पण आपल्याला कुणीतरी वाढवलं आहे हे मात्र तिच्या जिभेवर पक्कं होतं.

बहुतेकांना ही दुआ कबरस्तानात, जियारतीच्या वेळी भेटते, म्हणून ती मेलेल्यांची दुआ वाटते. कुरआनात मात्र ती जिवंत आईबापांच्या संदर्भात आली आहे. सतराव्या सूरेत, सूरह बनी इस्राईलमध्ये, 23 आणि 24 या दोन आयतींत ती येते. अल्लाहशिवाय कुणाची इबादत करू नका आणि आईबापाशी चांगलं वागा, असं म्हटल्यावर लगेच पुढे येतं की त्यांच्यापैकी एक किंवा दोघंही तुमच्याजवळ म्हातारपणाला पोहोचले, तर त्यांना 'उफ्फ'ही म्हणू नका, झिडकारू नका, अदबीनं बोला. मग दयेनं आपले नम्रतेचे पंख त्यांच्यापुढे झुकवायला सांगितलं आहे, आणि शेवटी ही दुआ मागायला. म्हणजे आधी रोजचं वागणं आणि त्याच्या पाठोपाठ मागणं. अम्माचा तोच प्रश्न दुपारभर ऐकताना जो उसासा बाहेर पडायला बघतो, त्याचंच नाव 'उफ्फ'. माझ्यासाठी ही आयत त्या दुपारींमध्ये उलगडली.

दुआचा आवाका मोठा आहे. 'हुमा' म्हणजे ते दोघं. आई हयात आणि बाप गेलेला असो, की उलटं असो, शब्द बदलावे लागत नाहीत. अब्बा कबरीत होते आणि अम्मा पलंगावर, तरी मला एकाच वाक्यात दोघांसाठी मागता येत होतं. दया दोघांनाही लागते, फक्त तिचं रूप वेगळं असतं. अम्मासाठी ती गुडघ्यांना आराम, रात्रीची झोप, घाबरलेल्या मनाला धीर. अब्बांसाठी कबरीत सुकून आणि गुन्ह्यांची माफी.

म्हणताना लोकांची एक गोष्ट नेहमी राहते. आयत तोंडपाठ असल्यामुळे काही जण सुरुवात 'वकुर्रब्बिर्हम्हुमा' अशी करतात. त्यातला 'वकुल' हा भाग म्हणजे 'आणि म्हण' असा अल्लाहचा आदेश आहे. तिलावतीत तो हवाच, पण दुआ मागताना थेट 'रब्बि'पासून सुरुवात करावी. 'सग़ीरा'तला ग घशातून येतो, त्याकडेही लक्ष द्यावं. आमच्या मोहल्ल्यातले हाफिजसाहेब मुलांकडून ते अक्षर वेगळं काढून म्हणवून घेतात.

ही दुआ कधी मागावी याला कुलूप नाही. फर्ज नमाजनंतर हात उचलताना ती सगळ्यात जास्त ऐकू येते. नमाजच्या आत, शेवटच्या बैठकीत अत्तहिय्यात आणि दरूद झाल्यावर सलाम फेरण्याआधी, आमच्याकडे बहुतेक घरांत इब्राहीम अलैहिस्सलाम यांची दुआ म्हणतात. ती सूरह इब्राहीमची 41वी आयत आहे: रब्बनग़्फिर ली वलिवालिदय्य वलिल्मुअ्मिनीन यौम यकूमुल हिसाब. "आमच्या रबा, हिशोब उभा राहील त्या दिवशी मला, माझ्या आईबापांना आणि सगळ्या ईमानवाल्यांना माफ कर." अजान आणि इकामत यांच्यामध्ये मागितलेली दुआ परतवली जात नाही, अशी हदीस आहे. त्यामुळे मशिदीत पहिली सफ धरून बसलेले म्हातारे त्या वेळात हात पुढे करून बसलेले दिसतात. रात्रीचा शेवटचा तिसरा भागही त्यासाठीच ओळखला जातो. मागण्याआधी अल्लाहची तारीफ करावी आणि नबींवर दरूद पाठवावा. एका माणसानं असं न करताच थेट दुआ मागायला घेतली, तेव्हा नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम म्हणाले की यानं घाई केली.

अब्बांना दफन करून लोक निघायला लागले, तेव्हा हाफिजसाहेबांनी सगळ्यांना थोडं थांबवलं. दफन झाल्यावर नबी कबरीजवळ उभे राहत आणि सोबत्यांना सांगत, आपल्या भावासाठी माफी मागा, त्याला स्थिर ठेवण्याची दुआ करा, कारण आता त्याला सवाल होतो आहे. अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. मी तिथं उभा राहून मागितलं तेव्हा शब्द रब्बिर्हम्हुमाचेच होते. माती अजून ओली होती आणि जनाज्याची नमाज तर आधीच होऊन गेली होती. मुलाच्या वाट्याचं काम आता कुठे सुरू होत होतं. माणूस मेला की त्याची कामं थांबतात, तीन सोडून: चालत राहणारा सदका, लोकांना उपयोगी पडणारं ज्ञान, आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक औलाद. ही हदीस मुस्लिम शरीफमध्ये आहे.

या दुआच्या हद्दीविषयीही विचारलं जातं. एका मित्रानं इस्लाम स्वीकारला. त्याची आई आपल्या धर्मात आहे. तिच्यासाठी काय मागू, असं त्यानं मला विचारलं. उलमांचं सर्वसाधारण सांगणं असं की जिवंत आईबापांसाठी तब्येत, सुख आणि हिदायत मागता येते. मेल्यानंतरच्या मग़फिरतीबद्दल मात्र सूरह तौबाच्या 113 आणि 114व्या आयतीकडे पाहावं लागतं. अबू हुरैरांनी नबींना आपल्या आईच्या हिदायतीसाठी दुआ करायला सांगितली होती आणि ती पुढे मुसलमान झाली, हे त्या मित्राला सांगितलं. आपल्या आईची सेवा तो पूर्वीसारखीच करतो. धर्म वेगळा झाला म्हणून ती जबाबदारी कमी होत नाही, हे सूरह लुकमानमध्ये स्पष्ट आहे.

अरबी येत नसेल तर नमाजबाहेर आपल्या भाषेत मागावं. अम्मा तेच करायची. रब्बिर्हम्हुमा झालं की ती दखनीत आपल्या अब्बांना जन्नतमध्ये गारवा दे म्हणायची, कारण ते उन्हात राबून गेले होते, आणि आईच्या हातांना आराम दे म्हणायची. माझी मुलं तिच्या पाठीमागे बसून आमीन म्हणायची. त्यांतल्या धाकटीनं एकदा मला विचारलं की आजीचे अब्बा कोण होते. मी तिला त्यांचं नाव, गाव आणि ते शेतावर काय पेरायचे, एवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या दुआत त्यांचं नाव घेतलं.