सहाणेवरचा गारवा

वाशीमच्या उन्हाळ्यात सकाळी नऊलाच अंगण तापतं. बालाजी मंदिराच्या अलीकडच्या गल्लीत आमच्या आत्याचं घर आहे, आणि वैशाखात तिथली देवपूजा सात वाजायच्या आत उरकलेली असते. यंदा अक्षय्य तृतीयेला मी तिच्याकडे होतो. देवघरातल्या बाळकृष्णाला त्या दिवशी नुसता टिळा नसतो, सर्वांगाला चंदनाची उटी असते. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठल-रुक्मिणीची चंदनउटी पूजा चालते, त्याचंच हे घरगुती रूप. मूर्ती बोटभर उंच, पण उटीला गंध लागतं ते रोजच्या तिप्पट-चौपट. म्हणून उगाळायचं काम पाहुण्याकडे आलं.

आत्याने आधी सहाण धुतली. तीन बुटक्या पायांची, काठाला खाचण असलेली, पन्नासेक वर्षांची तरी असेल. मग तिने त्यावरून बोट फिरवलं. दगड गुळगुळीत झाला की खोड नुसतं घसरतं, मनगट दुखतं आणि वाटीत काही पडत नाही. अशी सहाण पाट्यासारखीच टाकवून घ्यावी लागते. आता टाकी मारणारी माणसं गल्लीत फिरकत नाहीत, म्हणून आत्या ती खरखरीत फरशीवर पाणी टाकून घासून घेते. काम भागतं, असं तिचं म्हणणं.

खोड वीतभर लांब, मनगटाएवढं जाड, म्हैसूरहून आणलेलं. त्याचा कडेचा फिकट भाग हा झाडाचा बाहेरचा थर असतो आणि त्याला वास जवळजवळ नसतोच. सुगंधी तेल साठतं ते आतल्या पिवळट-तपकिरी गाभ्यात, आणि तेही झाड वयात आल्यावर. म्हणून खोड उगाळायचं ते उभं धरून, गाभ्याचं टोक दगडाला टेकवून. आडवं धरलं तर आधी बाहेरचा बिनवासाचा थर झिजतो आणि गंध पांढरट, मुकं निघतं.

मी खाचणीत चमचाभर पाणी ओतलं. आत्या लगेच म्हणाली, "थेंब म्हटलं होतं बाबा, अभिषेक नाही." खरोखरच सगळं दुधासारखं पातळ झालं आणि काठावरून ओघळलं. ते वाटीत काढून बाजूला ठेवलं आणि नव्याने सुरुवात केली: तीन-चार थेंब, खोड किंचित कललेलं, हात एका दिशेने गोल, जोर बेताचा. पहिल्या काही फेऱ्यांत फक्त खरखर ऐकू येते. मग आवाज बदलतो, मऊ होतो, आणि खोडाखाली साय धरल्यासारखा जाडसर थर दिसू लागतो. तो सुकत आला की आणखी दोन थेंब. पाणी फारच कमी पडलं तर भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते आणि खोडाचं टोक चकाकायला लागतं. ते चकाकलं की समजायचं, आता उगाळणं थांबलंय, नुसतं घासणं चाललंय.

वास येतो तो साय धरू लागते त्या टप्प्यावर. कोरडं खोड नाकाशी धरलं तर अगदी मंद येतो, कारण तेल लाकडाच्या पेशींत कोंडलेलं असतं. दगडाने त्या फुटतात आणि तेल मोकळं होतं. बाजारातलं नकली खोड इथेच उघडं पडतं. साध्या लाकडाला अत्तर चोळलेलं असेल तर पुडी सोडताच घमघमाट येतो आणि पहिला थर झिजला की विरून जातो. खऱ्याचं उलट आहे, जितकं उगाळाल तितका वास खुलतो. रक्तचंदन हे तर वेगळंच झाड. त्याचं गंध लालभडक निघतं, पण सुवास देत नाही.

पण गारवा? चंदन थंड असतं असं आपण सरसकट म्हणतो. आत्याने कपाळाला बोट लावलं तेव्हा तो लगेच जाणवला, आणि पंख्याखाली बसल्यावर दुपटीने. अर्ध्या तासात गंध सुकून पापुद्रा झालं, वास तसाच होता, गारवा मात्र गेलेला. त्यामागे मोठं गूढ नाही. लाकडाची बारीक भुकटी पाणी धरून ठेवते, ते हळूहळू उडतं आणि उडताना कातडीची उष्णता घेऊन जातं. विदर्भातल्या कूलरमधली वाळ्याची ताटी जे करते, तेच हा पातळ थर कपाळावर करतो. म्हणून वाशीमच्या कोरड्या हवेत गंध जितकं गार वाटतं तितकं कोकणातल्या दमट मे महिन्यात वाटत नाही. चंदनाचं तेल मात्र जड, सावकाश उडणारं. पाणी संपल्यावरही ते मागे राहतं. कोणी गंधात चिमूटभर भीमसेनी कापूर खलतात, त्याचा गारवा वेगळा, नाकात शिरणारा. आत्याला तो उटीत चालत नाही. "कापूर बोलायला लागला की चंदन गप्प बसतं," हे तिचं मत, आणि मला ते पटलं.

उटी लागली, देवाचे डोळे तेवढे मोकळे ठेवले, नैवेद्य झाला. वाटीत दोन चमचे गंध उरलं.

उरलेलं गंध दुसऱ्या दिवशी देवाला लावायचं नाही, ते शिळं, हा घरचा नियम. टाकायचंही नाही. त्यामुळे ते तीन वाटांनी जातं. थोडं लगेच घरातल्यांच्या कपाळाला आणि धाकट्या नातवाच्या मानेवरच्या घामोळ्यांना; खाजवून कातडी सोललेली असेल तिथे मात्र आत्या हात लावू देत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण सहाणेचं पाणी काही निर्जंतुक नसतं. थोडं झाकणाच्या काचेच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांपुरतं. झाकण सैल राहिलं तर गंधाला फोडणीच्या वाटणाचा वास लागतो, हे आत्याकडे एकदा घडून गेलंय. लसूण आणि चंदन यांचा मेळ कपाळावर कसा लागतो ते विचारू नये.

वाटीतच उघडं राहिलेलं ओलं गंध या उन्हाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बिघडतं. आधी वास आंबूस होतो, मग वर चिकट तार येते, मग हिरवट-काळे ठिपके. वास बदलला की ते तुळशीच्या मुळाशी; वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

टिकवायचं असेल तर तिसरी वाट. घट्ट गंधाचे वाटाण्याएवढे ठिपके स्टीलच्या ताटलीवर घालायचे, वर पातळ मलमल टाकायची आणि ताटली सावलीत, वाऱ्यावर ठेवायची. ऊन दाखवलं तर वड्या तडकतात आणि वासही उतरतो. वरून सुकलेली वडी आत ओली असू शकते. मोडून पाहिली आणि मधोमध रंग गडद दिसला तर अजून एक दिवस. मी आधी बाजूला काढलेलं पातळ पाणीही वाया गेलं नाही. तासभर न हलवता ठेवलं, भुकटी तळाशी बसली, वरचं पाणी निथळून काढलं आणि तळाच्या वड्या घातल्या.

कोरड्या वडीवर दोन थेंब पाणी घालून बोटाने चोळलं की पुन्हा गंध होतं. गारवा ताज्याइतकाच, कारण पाणी नवं असतं. वास मात्र अर्ध्यावर आलेला, कारण भुकटी जितकी बारीक तितकी तेलाला निसटायला जागा जास्त. म्हणून आत्या वड्या घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात गच्च भरते, मोठ्या डब्यात चार वड्या खुळखुळत ठेवत नाही. खोडाचंही तसंच: पुसायचं, ओलं टोक वर करून सावलीत वाळवायचं आणि मगच डब्यात. आषाढात वाशीमची हवा दमट झाली की ती डबा आठवड्याला उघडून बघते. वडीवर पांढरी लव दिसली तर ती वडी आणि तिच्या शेजारच्या दोन बाहेर.